वार्षिक स्नेहसंमेलन, शनिवार ३ जानेवारी: निवेदनाची संहिता

(वेळा सूचनाफलकावरच्या कार्यक्रमपत्रिकेच्या फोटोवरून घेतल्या आहेत. फोटोत सहाव्या ओळीवर ट्यूबलाइटची चकाकी आली आहे. नृत्य बसवणाऱ्या बाईंना विचारून तिथे ६.१० लिहिलं. कंसातलं वाचायचं नाही.)

५.०० दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन
नमस्कार! आज सावित्रीबाई फुले यांची जयंती. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण, चिखल फेकायचे. आजच्या कार्यक्रमाची नेपथ्यापासून ढोलकीपर्यंतची जबाबदारी आपल्या दहावीच्या मुलींनी घेतली आहे. दीपप्रज्वलनासाठी प्रमुख पाहुण्यांना आणि मुख्याध्यापिका बाईंना मी मंचावर येण्याची विनंती करते.

५.१० स्वागत, पाहुण्यांचं मनोगत
आजच्या पाहुण्या आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. आज त्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहेत. पुस्तक देऊन त्यांचं स्वागत करूया.

५.३० अहवालवाचन
वर्षभराचा आढावा पर्यवेक्षक सर घेतील.

५.४० बक्षीस वितरण
(नावं वर्गशिक्षक वाचतील. टाळ्या थांबल्याशिवाय पुढचं नाव नको.)

५.५५ बालवाडी: बडबडगीतं
पालकांना एक कळकळीची विनंती. फोटोसाठी मंचाजवळ येऊ नका. समोर आई दिसली की ही पिल्लं नाच सोडून तिच्याकडे धावतात!

६.१० सातवी: तारपा नृत्य
(दिवे मंद. तारपा वाजू लागला की बोलणं थांबवायचं.)
वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं यांतून तारपा तयार होतो. वारली पाड्यांवर भात झोडून झाला की तारपेकरी मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफून सगळे त्याच्याभोवती फेर धरतात. नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वारली चित्रांतला तो गोल फेर तुम्ही पाहिला असेल. आज मुलांची पावलं बघा, उजवं पाऊल सगळ्यांचं एकदम पडतं.

६.२५ नववी: भारूड
सोळाव्या शतकात पैठणला संत एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी रस्त्यावरची माणसं आपल्या भारुडांत आणली आणि हसवता हसवता अध्यात्म घराघरांत पोचवलं. आज येतोय विंचू! चावला की काय होतं ते मुलंच सांगतील. झांजेला टाळ्यांची साथ द्या.

(कपडेपट आवरायला वेळ लागला तर: "मागच्या रांगेतले आजी-आजोबा, आवाज येतोय ना?")

६.४५ आठवी: लेझीम
(हलगी सुरू होताच बाजूला व्हायचं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आधीच मागे.)
पुढच्या पालकांनी पाय जरा आत घ्यावेत, मुलं मैदानातून येत आहेत!

७.०० आभार, राष्ट्रगीत
गेले काही दिवस सुट्टीतही सराव घेणारे शिक्षक, पोशाख शिवून देणाऱ्या माता-पालक, मंडप उभारणारे कर्मचारी आणि सकाळपासून मैदान झाडणारे आपले शिपाईकाका यांचे मनःपूर्वक आभार. सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं.

(राष्ट्रगीतानंतर) बालवाडीची मुलं तळमजल्यावरच्या पहिल्या वर्गात आहेत. ओळखपत्र दाखवूनच त्यांना घरी न्यावं. पाण्याच्या बाटल्या तपासून घ्या.