पडलेल्या हार्ड डिस्कची हकीकत आणि लेखी कोटेशनची विनंती

घणसोली गाव, नवी मुंबई
20 जानेवारी 2025

प्रति,
व्यवस्थापक,
डेटा रिकव्हरी प्रयोगशाळा, महापे

विषय : पडलेल्या 2 टीबी पोर्टेबल हार्ड डिस्कमधील ध्वनिमुद्रणे परत मिळवण्याबाबत

महोदय,

शनिवारी आपल्याशी फोनवर बोलणे झाले. "काय काय झालं ते सगळं लिहून पाठवा, मग दराचं बोलू," असे आपण म्हणालात, म्हणून लिहिते आहे. माझ्याकडून झालेल्या चुकाही यात लिहिल्या आहेत. डिस्क उघडण्याआधी त्या आपल्याला माहीत असायला हव्यात.

डिस्क अडीच इंची, यूएसबीवर चालणारी आहे. 2018 साली घेतली. एकच पार्टिशन, एनटीएफएस, साधारण 1.3 टीबी भरलेली. पासवर्ड किंवा बिटलॉकर मी कधी लावलेला नाही. यूएसबीचे सॉकेट थेट आतल्या बोर्डवरच आहे, वेगळे साटा कनेक्टर नाही. लेबलचा फोटो मेलला जोडला आहे, त्यात मॉडेल व सिरियल नंबर स्पष्ट दिसतो.

रविवारी, 12 जानेवारीला संध्याकाळी मी या डिस्कवरून लॅपटॉपवर फाइली कॉपी करत होते. डिस्क शिलाई मशीनच्या फळीवर होती. भाचा मागून धावत गेला, केबल त्याच्या पायात अडकली आणि डिस्क अडीच फुटांवरून लादीवर पडली. ती त्या वेळी चालू होती, कॉपी निम्म्यावर आली होती. केबल निघाली नाही, त्यामुळे पडल्यानंतरही काही सेकंद तिला वीज मिळत राहिली. मग मी ती ओढून काढली.

त्या रात्री मी ती दोनदा लावून पाहिली. लावायला नको होती, हे आता कळते. दिवा लागला, आत काही फिरल्यासारखे जाणवले, मग एका लयीत आठ-दहा वेळा टिक-टिक झाली आणि डिस्क थांबली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये `Unknown` आणि `Not Initialized` एवढेच आले. इनिशिअलाइझ करायचे का, असे विचारणारी चौकट उघडली होती, ती मी कॅन्सल केली. फॉरमॅट केलेले नाही, `chkdsk` चालवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांनी बाहेरचे प्लास्टिकचे कव्हर काढले आणि रिकव्हरीचे सॉफ्टवेअर लावून साधारण चाळीस मिनिटे डिस्क चालू ठेवली. काहीच दिसले नाही. शेवटी शेवटी टिक-टिकमध्ये बारीक घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी थांबवायला सांगितले. तो आवाज मला सर्वांत जास्त छळतो आहे. आतल्या धातूच्या झाकणाचे स्क्रू आणि त्यावरचा स्टिकर शाबूत आहेत, ते झाकण माझ्यासमोर कोणी उघडलेले नाही. तेव्हापासून डिस्कला वीज दिलेली नाही. फ्रीजमध्ये ठेवायचे आणि ठोकून पाहायचे असे सल्लेही मिळाले, पण ते मी केले नाहीत.

आता आत काय आहे ते सांगते. माझी आत्या धवलारीण होती, म्हणजे धवले ही विधींची पारंपरिक गाणी म्हणून लग्न लावणारी. घणसोली, तळवली, गोठिवली, रबाळे इथल्या आगरी घरांतली किती लग्ने तिने लावली याची मोजदाद नाही. हळदीपासून वरात दारात येईपर्यंत कुठल्या विधीला कोणता धवला, हे सगळे तिच्या डोक्यात होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. 2016 ते 2019 या काळात मी तिच्याजवळ बसून, थोडे थोडे करून अडतीस तास रेकॉर्ड केले. मध्येच ती थांबायची, एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायची, तिच्या आईने तो कसा म्हटला होता ते म्हणून दाखवायची. 2021 मध्ये ती गेली. रेकॉर्डरची कार्डे मी पुन्हा वापरली आणि दुसरी प्रत करायचे आज-उद्या करत राहिले. त्या रविवारी तेच काम चालू होते. लॅपटॉपवर अकरा फाइली आल्या आहेत, बाकी सगळे या डिस्कवर.

म्हणून 1.3 टीबीतले बहुतेक मला नको आहे. सिनेमे, फोनचे बॅकअप, जुनी ऑफिसची कागदपत्रे गेली तरी चालतील. मला हवे ते `DHAVLE` हे फोल्डर. त्यात 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या स्टिरिओ वेव्ह फाइली आहेत, तासाला सुमारे एक जीबी, म्हणजे सगळे मिळून चाळीस जीबीच्या आत. त्यातच `artha.docx` नावाची फाइल आहे, कुठला धवला कुठल्या विधीचा ते मी तिच्यात टिपत गेले होते. हेड नाजूक अवस्थेत असतील आणि थोडेच वाचता येणार असेल, तर इमेज घेताना आधी फाइल टेबल आणि मग हे फोल्डर, असा क्रम ठेवता येईल का? फाइलींची नावे आणि तारखा टिकणेही महत्त्वाचे आहे. नावाशिवाय नुसते तुकडे मिळाले, तर कुठले गाणे कुठल्या दिवसाचे हे सांगायला आता कोणी नाही.

कोटेशन लेखी आणि जीएसटी धरून द्यावे. तपासणीचे शुल्क किती, आणि काम दिल्यास ते एकूण रकमेतून वजा होते का? हेड बदलावे लागले तर डोनर डिस्कची किंमत त्यात धरलेली असेल की वेगळी, आणि एक डोनर वाया जाऊन दुसरा लागला तर तो खर्च कोणाचा? तबकड्यांवर ओरखडे आढळले तर पुढे जाण्याआधी मला फोटो पाठवून विचाराल का? "डेटा नाही तर पैसे नाहीत" असे आपण फोनवर म्हणालात. त्यातल्या "डेटा"चा अर्थ इथे `DHAVLE` मधल्या वाजणाऱ्या फाइली असा धरावा, हे कोटेशनमध्ये लिहून मिळावे. हजार सिनेमे परत आले आणि आत्याचा आवाज आला नाही, तर माझ्यासाठी काम झालेले नाही. पूर्ण रक्कम भरण्याआधी फाइलींची यादी पाहायला आणि माझ्या पसंतीच्या पाच फाइली आपल्याकडेच बसून ऐकायला मिळाव्यात.

हेड बदलण्याचे काम महाप्यातच होते की डिस्क दुसऱ्या शहरात पाठवता? पाठवणार असाल तर आधी माझी परवानगी घ्या. काही धवले घरातल्या बायकांनी फक्त माझ्या विश्वासावर म्हटले आहेत, त्यामुळे डेटा हाती आल्यावर आपल्याकडची प्रत पुसल्याचेही लिहून हवे. काम जमले नाही तरी मूळ डिस्क, काढलेल्या भागांसकट, मला परत द्यावी.

घाई नाही. महिनाभर लागला तरी चालेल, पण घाईने उघडू नका. खर्चासाठी मी आणि माझ्या दोन बहिणींनी मिळून 40,000 रुपये बाजूला काढले आहेत. त्यापेक्षा जास्त होणार असेल तर तेही आधीच सांगा, आम्ही घरात बोलून ठरवू.

डिस्क अँटी-स्टॅटिक पिशवीत, फोममध्ये गुंडाळून ठेवली आहे. कुरियरने पाठवणार नाही. आपले कोटेशन याच मेलवर आले की दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता मी स्वतः घेऊन येईन. डिस्क ताब्यात घेताना सिरियल नंबर घातलेली पोच द्यावी, ही विनंती.

आपली,
वैशाली पाटील

सोबत : लेबलचा फोटो, बोर्डच्या बाजूचा फोटो, 12 जानेवारीच्या रात्री फोनवर टिपलेला टिक-टिकचा 20 सेकंदांचा आवाज