विषय: सोमवारी जॉइन होण्याबद्दल तुमचा फोन आला होता त्यावर

मॅडम नमस्कार,

दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला उभी होते, नीट बोलताच आलं नाही, त्यामुळे घाईत "बघते" एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ हो असा तुम्ही धरला असेल तर आधीच सांगते, सोमवारी १६ तारखेला मला खरंच ऑफिसला येणं जमणार नाहीये. पण तुम्हाला नुसतं नाही सांगून मोकळं व्हायचं नाहीये मला, ऑडिटर दोन आठवडे आधीच येतायत आणि नेमका माझ्या जागी बघणारा टायफॉईडने आडवा झालाय म्हणजे तुमच्यावर काय ताण आला असेल ते कळतंय, म्हणून सगळा विचार करून लिहितेय.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन बुधवारी ११ ला झालं, उद्या घरी सोडतील. चालायला लावलंय वॉकरवर पण पलंगावरून उठताना आणि बाथरूमला जाताना कोणीतरी धरायला लागतंच, रात्री दोनतीनदा उठावं लागतं, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन द्यायचंय रोज, ते नर्सने फक्त मला शिकवलंय. घरात दुसरं कोणी नाही. दादा १९ ला रात्री पोचतोय, तोपर्यंत मी हलले तर ती एकटी पडेल आणि या दिवसांत एकदा जरी तोल गेला तर सगळं परत पहिल्यापासून. रजा २४ पर्यंत मागितली होती तीही टाके काढायची तारीख बघूनच.

आता काय करू शकते ते सांगते.

सोमवार मंगळवार दुपारी २ ते ४ आई झोपते तेव्हा मी लॅपटॉपवर असेन, आणि रात्री ९ नंतर तासभर. सकाळी ११ ला फिजिओ येतो तेव्हा फोन उचलता येणार नाही, पण मेसेज टाकून ठेवा, बारापर्यंत उत्तर देते. बुधवारी ऑडिटर आले की त्यांचे प्रश्न सुटे सुटे न पाठवता एकत्र करून दुपारी दोनला कॉल लावला तर माझ्याकडून जास्त नीट उत्तरं मिळतील.

दादा आला की शुक्रवारी २० ला मी पूर्ण दिवस ऑफिसला येते. सोमवारी २३ लाही येते. २४ ला मात्र टाके काढायला जायचंय, तो दिवस तसाच राहू द्या प्लीज.

कामाचं म्हणाल तर जवळजवळ सगळं तयार आहे. स्टॉक आणि लेजरमध्ये जो फरक दिसतोय तो बघून घाबरू नका, त्यातला बहुतेक भाग कट-ऑफचा आहे, म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांत माल गोडाऊनला उतरला, जीआरएन झाली, पण बिल पुढच्या महिन्यात बुक झालं. त्या सगळ्या एंट्र्यांची वेगळी शीट ऑडिट फोल्डरमध्ये आहे, पीओ, जीआरएन आणि बिलाचा नंबर एकाच ओळीत लावलाय. खरं काम उरलंय ते परत पाठवलेल्या मालाच्या क्रेडिट नोट्सचं, सात आहेत, त्या सप्लायरकडून अजून आलेल्या नाहीत. त्यांना मी आज रात्रीच मेल टाकते आणि तुम्हाला कॉपीत ठेवते. स्टोअरमधल्या ज्युनियरला आयटीला सांगून त्या फोल्डरचा ॲक्सेस द्या, जीआरएनच्या मूळ कागदांच्या फाइली कुठे आहेत त्याला माहितीये, बाकी मी त्याला सोमवारी दोन वाजता स्क्रीन शेअर करून समजावते. पोरगा हुशार आहे, एकदा दाखवलं की पुरे.

एक छोटी गोष्ट, बोलायला जरा अवघड वाटतंय पण आत्ताच क्लिअर केलेलं बरं. २० आणि २३ ला मी कामावर असेन, तर ते दोन दिवस माझ्या रजेच्या बॅलन्सला परत जमा करायला तुम्ही एचआरला एक ओळ लिहाल का? आईच्या फॉलोअपला पुढच्या महिन्यात परत लागतील. घरून जे तास देणार आहे त्याचं काही नको मला, ते मी मनापासून देतेय. रजा हवी म्हणाले तेव्हा तुम्ही दोन मिनिटांत हो म्हणालात हे मी विसरलेले नाही.

हे चालत असेल तर आज रात्रीपर्यंत फक्त ओके पाठवा, म्हणजे फिजिओची वेळ आणि २० चं सगळं मी आत्ताच पक्कं करून ठेवते. ऑडिटरकडून काही वेगळी लिस्ट आली असेल तर तीही टाका, रविवारी वेळ मिळाला की बघून ठेवते.