फिजिओथेरपिस्ट पदासाठी अर्ज

दि. ९ जून २०२५

प्रति,
मा. संचालिका,
पुनर्वसन केंद्र, कोथरूड, पुणे

विषय: वरिष्ठ फिजिओथेरपिस्ट पदासाठी अर्ज

महोदया,

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून मी बीपीटी आणि पुढे न्यूरो विषयात एमपीटी केलं आहे. राज्य कौन्सिलची नोंदणी वैध आहे. २०१९ पासून मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या फिजिओ विभागात काम करते. बाकीचा तपशील बायोडेटात आहे. तुमच्या जाहिरातीत 'प्रगतीच्या नोंदी आणि रुग्णाशी संवाद' यांचा वेगळा उल्लेख आहे, म्हणून या पत्रात त्याबद्दलच लिहिते. दोन्ही उदाहरणांत ओळख पटेल असा तपशील दिलेला नाही.

साठी ओलांडलेल्या एक शेतकरी मावशी. गुडघ्याचा सांधा बदलून तीन आठवडे झाले होते. गोनिओमीटरवर गुडघा ६० अंशच वाकत होता आणि सरळ व्हायला १५ अंश कमी पडत होते. सगळ्यांचं लक्ष वाकण्याकडे होतं. मला सरळ न होण्याची जास्त काळजी वाटली. विचारल्यावर कळलं, ठणका कमी व्हावा म्हणून त्या रात्रभर गुडघ्याखाली उशी घेत होत्या. 'उशी घेऊ नका' एवढंच त्यांना आधीही सांगितलेलं होतं. मी त्यांना पलंगावर झोपवलं, गुडघ्यामागची पोकळी त्यांच्याच हाताने चाचपायला लावली आणि म्हटलं, "मावशी, उशीने आत्ता बरं वाटतं, पण गुडघा असाच वाकडा आखडला तर जन्मभर लंगडत चालाल. उशी टाचेखाली घ्या, गुडघा आपोआप खाली बसेल." मग सुनेसमोर त्यांच्याकडूनच ते सगळं परत वदवून घेतलं. व्यायामानंतर अर्ध्या तासात निवळणारं दुखणं चालेल. पोटरी सुजली, गरम लागली किंवा दाबल्यावर दुखली तर व्यायाम थांबवून लगेच दवाखान्यात यायचं, हेही.

सहाव्या आठवड्याला गुडघा ९२ अंश वाकला आणि सरळ व्हायला ५ अंशच कमी राहिले. सातव्या-आठव्यात आकडा हलला नाही. सूज वाढलेली दिसली, म्हणून ताण कमी केला, बर्फ आणि पाय उंच ठेवणं वाढवलं, आणि हे असं का, ते त्यांना व सर्जनना त्याच दिवशी कळवलं. बाराव्या आठवड्याला ११२ अंश आणि पाय पूर्ण सरळ. मावशींच्या लेखी प्रगती म्हणजे कठडा न धरता माडी चढणं. म्हणून माझ्या तक्त्यात अंशांशेजारी तीही ओळ होती. एक-दोन अंशांचा फरक मी प्रगती म्हणून सांगत नाही, मोजण्यातच तेवढा फरक पडतो.

दुसरे, पक्षाघाताचे एक गृहस्थ, उजवी बाजू गेलेली. बर्ग बॅलन्स स्केलवर ५६ पैकी २६ वरून तीन महिन्यांत ४४. दहा मीटर चालायला ३४ सेकंद लागायचे, ते १८ वर आलं. पहिल्या काही महिन्यांत मेंदूची स्वतःची सुधारणाही होत असते, तेव्हा हे सगळं श्रेय उपचारांचं असं मी म्हणणार नाही. शिवाय ४४ म्हणजे पडण्याचा धोका टळला असं नाही. बाथरूमला एकटं सोडू नका, हे घरच्यांना तेव्हाही बजावलं. हाताची पकड फारशी परतली नाही. मुलगा दर खेपेला विचारायचा, "मॅडम, हात कधी येणार?" मी तारीख दिली नाही. बोटांत आत्ता किती हालचाल आहे ते दाखवलं, पुढच्या चार आठवड्यांत काय बघणार ते सांगितलं, आणि तोवर डाव्या हाताने शर्ट घालायला शिकवायला घेतलं. खांदा निखळू नये म्हणून उजव्या हाताला धरून उठवायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाकडून करून घेतलं. समजावून सांगताना चार माणसांत कोण ऐकतंय यापेक्षा घरी कोण उचलतंय हे मी आधी विचारते.

घरच्या व्यायामाचा कागद मी मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह देते आणि एका वेळी तीन-चारच व्यायाम लिहिते. आठ लिहिले की एकही होत नाही. सीमाभागातले रुग्ण मिरजेला बरेच येतात, त्यामुळे कामापुरतं कन्नडही बोलते.

ओपीडीत एका रुग्णाला मिळणारा वेळ थोडा असतो आणि घरी गेल्यावर अनेकांचा धागा सुटतो. तुमच्याकडे एकच रुग्ण फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट मिळून पाहतात, असं जाहिरातीवरून दिसतं. मला तसंच काम करायचं आहे. एक महिन्याची नोटीस देऊन मी रुजू होऊ शकते. मुलाखतीला बोलावल्यास नावं झाकलेले तीन प्रगती-तक्ते आणि व्यायामाचे कागद घेऊन येईन. एखाद्या रुग्णाची तपासणी तुमच्यासमोर करून दाखवायलाही तयार आहे.

आपली विश्वासू,
मृणाल कुलकर्णी-पाटील
मिरज

सोबत: बायोडेटा, पदवी व नोंदणी प्रमाणपत्रांच्या प्रती, अनुभवाचा दाखला