मासिक प्रगती अहवाल: नदीवरील पुलाचे बांधकाम, फेब्रुवारी

प्रति: प्रकल्प सुकाणू समिती
सादरकर्ता: प्रकल्प व्यवस्थापक

सद्यस्थिती: लाल. नियोजित प्रगती ७८%, प्रत्यक्ष ६१%. गेल्या महिन्यात ११ आठवडे असलेला विलंब आता १४ आठवड्यांवर गेला आहे.

६१% हा आकडा जरा जपून वाचावा. २८ पैकी १९ गर्डर ओतून झाले असल्याने तो बरा दिसतो. त्यातले बसवले फक्त ८. उरलेले ११ यार्डात पडून आहेत आणि यार्डात जागा १२ गर्डरांचीच आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कास्टिंग थांबवावे लागेल. गर्डरचे बिल निघते म्हणून कंत्राटदाराचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे, पण पुलाची तारीख ठरते ती पायावर.

पाया (पी-४ आणि पी-५)
पी-४ च्या जागी निविदेपूर्वी एकच बोअर घेतला होता. त्यानुसार खडक १८ मीटरवर लागायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या पाइलला २५ आणि दुसऱ्याला २७ मीटरवर लागला. वर मोठ्या गोट्यांचा थर असल्याने लायनर सरळ उतरत नाही, आणि एका पाइलला आठ दिवस जातात. सहापैकी दोन पूर्ण झाल्या. इंटिग्रिटी चाचणीत दोन्ही निर्दोष आहेत. पी-५ वर काम सुरू नाही. तिथल्या नव्या बोअरमध्येही खडक २६ मीटरवर आहे, त्यामुळे तिथे वेगळे काही घडेल असे मी गृहीत धरलेले नाही.

दोन्ही ठिकाणी मिळून दहा पाइल बाकी आहेत. एकाच रिगने त्या २० मेच्या सुमारास संपतील. पाइल कॅप आणि खांब पूरपातळीच्या वर न्यायला आणखी पाच आठवडे. मेअखेर नदीपात्रातला भराव काढावाच लागतो. म्हणजे हा हंगाम हुकेल आणि पात्रातले काम पूर ओसरेपर्यंत, साधारण पाच महिने, बंद राहील. २० मार्चपर्यंत दुसरी रिग आली तर दोन्ही खांब २५ मेपर्यंत पुराच्या वर येतात. हाताशी आठवडाभरच राहतो, पण जमते.

खर्च
आकस्मिक तरतुदीपैकी ४४% वापरली आहे. वाढीव पाइल लांबी आणि दुसरी रिग धरून ती ७०% वर जाईल.

गुणवत्ता व सुरक्षा
दुसऱ्या गाळ्याच्या डेक स्लॅबचे सात दिवसांचे क्यूब कमी आले. २८ दिवसांचे निकाल येईपर्यंत त्यावर भार टाकू दिलेला नाही. अपघात नाही.

समितीकडून हवे असलेले निर्णय (१० मार्चपर्यंत)
१. पी-४, पी-५ साठी सुधारित पाइल लांबीला मंजुरी. संकल्पन सल्लागाराची शिफारस सोबत जोडली आहे.
२. दुसऱ्या रिगच्या खर्चाला मान्यता.
३. कंत्राटदाराने मागितलेल्या १६ आठवडे मुदतवाढीपैकी ९ आठवड्यांना मान्यता. ते खडकाच्या खोलीमुळे गेले. उरलेले ७ आठवडे रिग उशिरा आणल्याने गेले, त्यांचा दंड लागू ठेवावा.