पोच

मुक्ताने ‘जागा स्वीकारा’ या बटणावर बोट टेकवलं तेव्हा मुदत संपायला वीस मिनिटं उरली होती. दुपारी चारपासून ती हेच करत होती. लॉगिन, मग त्या वाकड्यातिकड्या अक्षरांचा कोड, मग फिरत राहणारं वर्तुळ आणि शेवटी ‘तुमचे सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा’. एकदा तर पैसे भरायच्या पानापर्यंत पोहोचली आणि तिथूनच बाहेर फेकली गेली. दिवसभर हजारो मुलं एकाच दारावर लोटत होती, आणि दार एकच होतं.

या वेळी पान उघडलं. पैसे कापल्याचा मेसेज आईच्या फोनवर वाजला. मुक्ताने श्वास रोखून धरला. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि मग हिरव्या चौकटीत अक्षरं आली: ‘आपली जागा निश्चित झाली आहे.’ खाली नऊ आकडी संदर्भ क्रमांक, त्याखाली ‘पावती डाउनलोड करा’.

तिने पावतीवर बोट दाबलं. वर्तुळ फिरू लागलं. फिरतच राहिलं.

“आली का पोच?” आईने विचारलं.

आई अठरा वर्षं एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसत होती. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारचे कागद होते, पोच असलेले आणि पोच नसलेले. कुणी म्हटलं, “मी स्वतः नेऊन दिलंय हो,” तर ती शांतपणे विचारायची, “कुणाच्या हातात? सही-शिक्का कुठाय?” मुक्ताला लहानपणी याचा कंटाळा यायचा. शाळेच्या सहलीचे पैसे भरले तरी आईला चिठ्ठी हवी असायची.

“पावती उतरत नाहीये. पण जागा निश्चित झाली असं लिहून आलंय.”

“लिहून आलंय ते टिकव आधी.”

मुक्ताने फोनच्या कडेची दोन बटणं एकदम दाबली. खाली पट्टी आली: ‘स्क्रीनशॉट जतन करता आला नाही. फोनमध्ये जागा शिल्लक नाही.’

आता पंचाईत झाली. काही पुसायचं तर या पानावरून बाजूला जावं लागणार, आणि तिच्या जुन्या फोनची खोड अशी की दुसरं काही उघडलं की मागचं पान तो विसरून जायचा, परत आलं की नव्याने मागवायचा. आत्ता पान नव्याने मागवणं म्हणजे हातातली पाटी पुसण्यासारखंच होतं. पण आईचा फोन साधा, कॅमेरा नसलेला. कागदावर क्रमांक उतरवून घ्यायचं तिला सुचलं, पण हात आधीच गॅलरीत गेला होता. सगळ्यात वर निरोप समारंभाचा व्हिडिओ होता, चौघीजणींचा नाच, नऊ मिनिटांचा. बाकीच्यांकडे असेल, असं म्हणत तिने तो पुसला. फोनने विचारलं, कायमचा पुसायचा का? तिने हो म्हटलं.

ती परत आली. हिरवी चौकट तिथेच होती. तिने पुन्हा दोन्ही बटणं दाबली. या वेळी स्क्रीन लुकलुकली. वरच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवत होतं ११:४१, त्याखाली संकेतस्थळाचा पत्ता, मग तिचं नाव, शाखा, क्रमांक, सगळं एका चित्रात.

दहा मिनिटांनी तिने पावतीसाठी पान पुन्हा उघडलं. कोऱ्या पानावर एकच ओळ होती: 502 Bad Gateway. बाराला पाच मिनिटं कमी असतानाही तेच, बारा वाजल्यावरही तेच.

सकाळी सव्वासातला संकेतस्थळ परत सुरू झालं. मुक्ताने लॉगिन केलं आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही. तिच्या नावापुढे लाल अक्षरांत होतं: ‘जागा स्वीकारलेली नाही.’ त्याखाली बारीक अक्षरांत: ‘रिक्त जागांची यादी आज दुपारी ३ वाजता पुढील फेरीसाठी जाहीर होईल.’

मदत क्रमांक लागत नव्हता. ईमेलला आपोआप उत्तर आलं, की तुमची तक्रार मिळाली, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवू. आईने रजा टाकली. मुक्ताने स्क्रीनशॉट मेसेजमधून शेजारच्या काकूंना पाठवला, त्यांनी घरच्या प्रिंटरवर त्याची प्रत काढून दिली. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत, गुणपत्रिकेच्या वर ठेवली.

मदत केंद्रावर रांग जिन्यापर्यंत आली होती. पुढे उभी असलेली एक मुलगी भिंतीला टेकून रडत होती, तिची मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. “माझंही झालं होतं,” ती म्हणत होती, “मी पाहिलं होतं निश्चित झालेलं. पावती सकाळी काढू म्हटलं.”

खिडकीवरच्या माणसाने मुक्ताची प्रत हातात घेतली आणि परत सरकवली. “ताई, हे चालणार नाही. असं चित्र कुणीही बनवतं. आमच्या नोंदीत जे आहे ते खरं.”

“पण पैसे गेलेत आमचे,” आई म्हणाली.

“पैसे गेले म्हणजे जागा मिळाली असं नसतं. व्यवहार अर्धवट राहिला असेल. परत येतील खात्यात.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चित्रातली अक्षरं बदलायला फार काही लागत नाही, आणि पैसे कापले जाऊन व्यवहार फसण्याचे प्रकार रोज होतात. पण आई खिडकीवरून हलली नाही. “साहेब, हे चित्र खरं की खोटं ते मी म्हणत नाही. यावर एक क्रमांक आहे. तुमच्याच यंत्राने दिलेला आहे. जावक क्रमांक दिला की तो रजिस्टरात कुठेतरी असतोच. एकदा शोधून तर बघा.”

मागून एक बाई पुढे आल्या. गळ्यात ओळखपत्र होतं, डोळे रात्रभर जागल्यासारखे. त्यांनी प्रत उचलली. “क्रमांक आलाय? मग आत या.”

आतल्या खोलीत एक तरुण दोन संगणकांसमोर बसला होता. बाईंनी थोडक्यात सांगितलं ते असं: मध्यरात्रीच्या आधी मुख्य नोंदींचा डेटाबेस कोसळला. पहाटे तो बॅकअपवरून उभा केला, पण ती प्रत साडेअकराची होती. त्यानंतर काही नोंदी झाल्या होत्या की नाही, यावर सकाळपासून वाद चालला होता. मुदतीच्या शेवटी यंत्रणा इतकी मंदावली होती की कुणाचंच काही पूर्ण झालं नसावं, असं वरिष्ठांचं मत होतं.

“हिच्याकडे अकरा एकेचाळीसचं आहे,” बाई म्हणाल्या. “वेब सर्व्हरचे लॉग वेगळ्या मशीनवर आहेत ना आपले? ते तर गेले नाहीत. शोध.”

त्याने प्रतीवरून आकडे वाचत टाईप केले. 408831682. एंटर दाबला. काहीच आलं नाही. त्याने पुन्हा केलं. काहीच नाही.

खोलीत कुणी बोललं नाही. बाईंनी हळूच प्रत टेबलावर ठेवली. मुक्ताच्या घशाला कोरड पडली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी क्षणभर तिलाच शंका आली की आपण काय पाहिलं.

आईने प्रत उचलून डोळ्यांजवळ नेली. वर्षानुवर्षं कार्बनखालच्या पुसट प्रती वाचलेले डोळे ते. “हा आठ आहे का? मला तीन वाटतोय.”

“फोनमधलं मूळ चित्र आहे का?” तरुणाने विचारलं. “मेसेजमधून पाठवलं की चित्र दाबून लहान होतं. बारीक अक्षरांची आधी वाट लागते. त्यात ही छापील प्रत.”

मुक्ताने फोन काढला. गॅलरीत सगळ्यात वर, जिथे नाचाचा व्हिडिओ असायचा, तिथे ते होतं. फाइलचं नाव Screenshot_20250714-234116.png. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आकडे स्वच्छ होते, कडा धारदार.

“चार, शून्य, आठ,” ती वाचू लागली, आवाज जरा कापत होता, “तीन, तीन, एक, सहा, आठ, दोन.”

त्याने टाईप केलं. या वेळी पडद्यावर एक ओळ उमटली.

```
14/Jul/2025:23:41:07 GET /confirm?ref=408331682 200
```

तो खुर्चीत पुढे झुकला. “हे पान नोंद झाल्याशिवाय तयारच होत नाही,” तो म्हणाला, बाईंकडे न बघता, जणू स्वतःलाच समजावत. “आधी डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, मग क्रमांक पडतो, मग हे पान जातं. शेवटचे दोनशे म्हणजे पान इथून नीट पाठवलं गेलं. अकरा एकेचाळीस आणि सात सेकंद. हिने नऊ सेकंदांनी, सोळाला, चित्र घेतलं असं दिसतंय.”

“नऊ सेकंदांनी नाही,” मुक्ता म्हणाली. “मधे मला व्हिडिओ पुसावा लागला. त्याला वेळ लागला जरा. फोनचं घड्याळ मागे असेल माझं.”

तो पहिल्यांदाच वळला आणि तिच्याकडे बघून मान हलवली. ज्याला काही लपवायचं असतं तो स्वतःहून असला फरक दाखवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तिने फोनच्या घड्याळाशेजारी त्याच्या पडद्यावरचं घड्याळ लावून पाहिलं. तिचं जवळजवळ मिनिटभर मागे होतं.

बाई मात्र अजून त्या एका ओळीकडेच बघत होत्या. “म्हणजे साडेअकरानंतर नोंदी होत होत्या.”

“होत होत्या.”

“असे सगळे काढ. साडेअकरापासून बंद पडेपर्यंत, हे पान ज्यांना ज्यांना गेलं ते सगळे. पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडून त्याच वेळेची यादी मागव, दोन्ही जुळव.” त्यांनी फोन उचलला. “सर, तीनची यादी थांबवावी लागेल. नाही, अंदाजाने नाही बोलत. माझ्यासमोर क्रमांक आहे.”

पाऊण तास गेला. मुक्ताचा अर्ज, मूळ चित्र, लॉगमधली ओळ आणि बँकेचा मेसेज एका फाइलला जोडले गेले. बाईंनी सही केली, शिक्का मारला. आईने विचारलं, “याची पोच?” बाईंनी एकही शब्द न बोलता दुसरी प्रत ओढली आणि तिच्यावरही शिक्का मारून दिला.

बाहेर रांग होती तशीच होती. रडणारी मुलगी आता गप्प बसली होती, खिडकीवरून परत पाठवलेली.

मुक्ता तिच्यासमोर उकिडवी बसली. “तू किती वाजता केलं होतंस?”

“पावणेबाराला. पण माझ्याकडे काहीच नाही गं. फोटो नाही, पावती नाही.”

“पैसे गेल्याचा मेसेज आहे?”

“आहे. पण ते म्हणाले त्याने काही होत नाही.”

“सकाळी होत नव्हतं. आत आता यादी काढतायत, त्यात तुझं नाव असेल तर या मेसेजशी जुळेल. खिडकीवर नको जाऊस. तो उजवीकडचा दरवाजा. आत एक मॅडम आहेत, त्यांना वेळ सांग, पावणेबारा. आणि मेसेज पुसू नकोस, कुणी काहीही म्हटलं तरी.”

मुलगी उठली. मावशीही उठली. प्लास्टिकच्या पिशव्या, ओढण्या सावरत दोघी दाराशी गेल्या. तिथे मुलगी थबकली आणि मागे वळली.

“तू येतेस का आत?”

मुक्ताने आईकडे पाहिलं. आई बाकावर बसून शिक्क्याच्या प्रतीची नीट घडी घालत होती. “जा,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”