गणिताची शिकवणी, आठवी ते दहावी (एका बॅचला फक्त ८ मुलं)

"सर, पोरगं हुशार आहे हो, फक्त सिली मिस्टेक्स करतं." १४ वर्षं गणित शिकवतोय, पहिल्या भेटीत हे वाक्य ऐकलं नाही असं क्वचितच झालंय. पण तीच चूक चार पेपरात चार वेळा होत असेल तर ती सिली कशी? मुलाच्या डोक्यात तो नियमच तसा बसलाय, आणि माझं निम्मं काम तो शोधून काढायचं आहे.

उदाहरण सांगतो. नववीतली कितीतरी मुलं बिनधास्त (a+b)² = a² + b² लिहितात. सूत्र पाठ असतं, विचारलं तर म्हणूनही दाखवतात, पण गणितात लिहिताना हेच लिहितात. मी सूत्र परत घोकायला लावत नाही, a = 3 आणि b = 4 घालायला सांगतो. एकीकडे 49 येतात, दुसरीकडे 25, मग मुलगा स्वतःच थांबतो. मग वहीत ७ बाजूचा चौरस काढायचा, त्याचे ९ आणि १६ चे दोन चौरस पाडायचे आणि उरलेले १२-१२ चे दोन आयत बघायचे, तेच ते विसरलेलं 2ab. हे एकदा हाताने केलं की सहसा विसरत नाहीत.

दहावीचं वर्गसमीकरण अडलंय म्हणून आलेल्या मुलाचं खरं दुखणं बरेचदा सहावीच्या अपूर्णांकात निघतं, तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मी मागचंच घेतो. पालकांना वाटतं सिलॅबस कधी होणार, पण पाया कच्चा ठेवून पुढे पळण्यात काही अर्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ५ ते ६:३०. प्रत्येकाची एक चुकांची वही असते, त्यात चुकलेलं गणित, का चुकलं ते स्वतःच्या शब्दात, आणि आठवड्याने तेच गणित परत. दर महिन्याच्या शेवटी ती वही घेऊन पालकांशी १५ मिनिटं बोलतो, नुसते मार्क सांगून फोन ठेवत नाही.

मार्कांची गॅरंटी देत नाही. रोज अर्धा तास घरी बसायची तयारी नसेल तर माझा क्लास लावू नका, पैसे वाया जातील. विज्ञान पण घ्या म्हणतात काही जण, ते मी घेत नाही, मला गणितच येतं नीट!

प्रवेशाआधी रविवारी एक तास मुलासोबत बसतो, त्याची फी नाही. येताना मागच्या परीक्षेचा तपासलेला पेपर आणा, लाल शाईसकट, आणि कमी मार्क पडले म्हणून घरी लपवलेला असेल तर तोच आणा. वेळ ठरवायला इथेच मेसेज करा, मुलाची इयत्ता आणि कुठला धडा अडतो एवढं लिहा, रात्री ९ नंतर उत्तर देतो.