पाठ नियोजन : ब्रेडमधला स्टार्च आणि नळीचे आतडे (इयत्ता सातवी, जोडतास ८० मिनिटे)

काय समजायला हवे : स्टार्चचा रेणू आतड्याच्या भिंतीतून जात नाही, म्हणून तो तोडावा लागतो. तोडण्याचे काम तोंडातच सुरू होते.

आदल्या दिवशी : ५० मिली पाण्यात १ ग्रॅम स्टार्च उकळून गार करा. वेगळ्या ५० मिली पाण्यात ५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवा. आयोडीन फिक्या चहाइतके पातळ हवे. गडद असेल तर त्याच्याच रंगामुळे फरक ओळखू येत नाही.

पहिली १५ मिनिटे : आतडे
पुस्तकात तोंड आधी येते, तरी सुरुवात आतड्यापासून करा, कारण त्याला अर्धा तास लागतो. डायलिसिस नळीचा १५ सेंमी तुकडा पाण्यात भिजवून एका टोकाला गाठ मारा. आत दोन्ही द्रावणे ५-५ मिली भरा, दुसरे टोक बांधा. मग नळी बाहेरून नळाखाली नीट धुवा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते : बाहेर स्टार्चचा एक थेंब राहिला तरी पाणी निळे होते आणि मुले म्हणतात, ‘स्टार्च बाहेर आला!’ धुतलेली नळी ४० मिली कोमट पाण्याच्या चंचुपात्रात ठेवा.

पुढची ३५ मिनिटे : ब्रेड
चघळणे प्रयोगशाळेबाहेर, हात धुऊन. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी फक्त निरीक्षण करावे. साध्या पांढऱ्या ब्रेडचा १ सेंमीचा तुकडा मिनिटभर न गिळता चघळून स्वतःच्या कपात काढायचा, त्यात ५ मिली पाणी घालायचे. दुसऱ्या कपात तेवढाच तुकडा पाण्यात चमच्याने कुस्करायचा. दोन्ही कप ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवा. दर ३ मिनिटांनी वरच्या पाण्याचा थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका. कुस्करलेला ब्रेड निळा-काळाच राहतो. चघळलेल्याचा रंग फिका होत जातो, मध्ये लालसर तपकिरी छटाही दिसते. ती चूक नव्हे, स्टार्च अर्धवट तुटल्याची खूण आहे.

दोन्ही निळेच राहिले तर तुकडा मोठा होता, लाळ कमी पडली किंवा पाणी फार गरम होते (विकर उष्णतेने निकामी होते). थेंबात ब्रेडचा कण आला तरी तो निळाच दिसणार.

शेवटची ३० मिनिटे : नळीकडे परत
बाहेरच्या पाण्याचे दोन भाग करा. एकात आयोडीन : पिवळसरच राहते. दुसऱ्या २ मिलीत २ मिली बेनेडिक्ट द्रावण घालून उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवा : हिरवा ते विटकरी रंग. हे काम शिक्षकांनी चष्मा घालून करावे. आयोडीन घातलेलाच नमुना बेनेडिक्टसाठी वापरू नका.

विचारा : नळीत रसांकुर नाहीत, रक्त नाही, मग खऱ्या आतड्यात शोषण जलद का होते?

आवरताना : ज्याचा कप त्यानेच जंतुनाशकात टाकावा.

वहीत : ‘ब्रेड न चावता गिळला तर स्टार्च पचेल का?’ स्वादुपिंडाच्या रसातही अमायलेज असते, हे ज्याला आठवेल त्याचे उत्तर पूर्ण.